बैठ, बैठो की बैठिए? हिंदी आज्ञार्थाची रिकामी जागा भरताना

लखनऊला एका स्नेह्यांकडे पहिल्यांदा गेले होते. त्यांच्या आई दारात उभ्या होत्या. आपल्यासाठी ताटकळल्या म्हणून मी घाईघाईने, अगदी मनापासून आदराने म्हणाले, "माँजी, तुम बैठो." त्या बसल्या, काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांचा पाच-सहा वर्षांचा नातू खेळणं घेऊन खोलीत आला, तर त्या त्याला म्हणाल्या, "आप इधर बैठिए, बेटा." नातवाला 'आप' आणि मी मात्र आजीबाईंना 'तुम'! माझा चहा तिथेच गार झाला.

मी काय केलं होतं ते उघड आहे. 'तुम्ही बसा' हे मराठी वाक्य मनात तयार होतं आणि त्यातला 'तुम्ही' मी 'तुम' करून टाकला. आता मी हिंदीच्या परीक्षांची तयारी करून घेते, आणि 'कोष्ठकातल्या क्रियेचं योग्य रूप लिहून रिकामी जागा भरा' या प्रश्नात हीच चूक दर वर्षी नव्या वह्यांमध्ये बघते. रूपं सगळ्यांना पाठ असतात. अडतं ते कुठलं रूप निवडायचं इथे.

आधी एक पायरी वर

मराठीत 'तू'चं अंगण मोठं आहे. आई, धाकटा भाऊ, मित्र, बायको, देव, शेजारचं पोर, पुष्कळ घरांत आजीसुद्धा, सगळे त्यात मावतात. 'तुम्ही' आदराचं आहे, आणि अनेकांसाठीही तेच आहे. 'आपण' एखाद्या समारंभात किंवा पत्रातच निघतं, आणि तेव्हाही क्रियापद बहुधा तेच राहतं: तुम्ही बसा, आपण बसा. म्हणजे रोजच्या बोलण्यात आपलं दोन रूपांवर भागतं, बस आणि बसा.

हिंदीत रूपं तीन आहेत आणि तिन्ही रोजच्या वापरातली आहेत. 'तू' तिथे फार अरुंद आहे. अगदी जिवलग मित्र, लहान मूल, देव, नाहीतर भांडण. 'तुम' बरोबरीच्या आणि धाकट्या माणसांसाठी: वर्गमित्र, भाऊ-बहीण, विद्यार्थी. 'आप' वडीलधाऱ्यांसाठी, परक्यांसाठी, कामानिमित्त भेटणाऱ्या कुणाहीसाठी. लखनऊसारख्या शहरात ते घरातल्या पोराटोरांसाठीही असतं.

म्हणून मी मुलांना सांगते, मराठी वाक्य मनात आलं की हिंदीत जाताना एक पायरी वर चढा. मराठी 'तू' असेल तर आधी 'तुम' धरा. एका माणसाला म्हटलेलं मराठी 'तुम्ही' असेल तर सरळ 'आप' धरा. 'अरे, इकडे ये' म्हणजे "अरे, इधर आओ", आणि 'काका, इकडे या' म्हणजे "चाचाजी, इधर आइए". पायरी चढायची नाही अशी ठळक जागा एकच, पुष्कळ जणांना म्हटलेलं 'तुम्ही'. 'मुलांनो, तुम्ही बसा' हे "बच्चो, तुम बैठो" असंच राहतं, कारण तिथला 'तुम्ही' आदराचा नसून अनेकवचनाचा आहे. (जाता जाता: 'बच्चो'वर अनुस्वार नाही. हाक मारताना हिंदीत 'बच्चो', 'भाइयो', 'बहनो' अशी बिनअनुस्वाराची रूपं येतात. छापील पत्रिकांतही 'भाइयों और बहनों' दिसतं, ते चूकच.)

आईचं काय? आपली आई 'तू', त्यामुळे मुलं बिनधास्त "माँ, तू बैठ" लिहितात. काही हिंदी घरांत तसं बोलतातही. पण पाठ्यपुस्तकातली माँ सहसा 'आप' असते, कधी 'तुम'. वाक्यात दुसरी काहीच खूण नसेल तर "माँ, आप बैठिए" लिहिणं बिनधोक.

रूपं: थोडीच, पण शुद्धलेखन सांभाळून

क्रियेतला 'ना' काढला की धातू उरतो. तोच 'तू'चा आज्ञार्थ. धातूला 'ओ' लावला की 'तुम'चा, 'इए' लावला की 'आप'चा. स्त्री-पुरुष असा भेद रूपात नाही.

| क्रिया | तू | तुम | आप |
|---|---|---|---|
| बैठना | बैठ | बैठो | बैठिए |
| बताना | बता | बताओ | बताइए |
| धोना | धो | धोओ | धोइए |
| छूना | छू | छुओ | छुइए |
| करना | कर | करो | कीजिए |
| देना | दे | दो | दीजिए |
| लेना | ले | लो | लीजिए |
| पीना | पी | पियो | पीजिए |

वरच्या चार ओळी नियमाच्या आहेत. 'धोओ' लिहिताना हात अडखळतो, दोन 'ओ' शेजारी कसे म्हणून, आणि मुलं 'तुम हाथ धो' लिहून मोकळी होतात. पण धातूच 'धो' आहे, त्यामुळे नुसतं 'धो' हे 'तू'चं रूप होतं. 'सोओ' आणि 'रोओ' यांचंही तसंच. 'छू'मधला दीर्घ ऊ मात्र पुढे स्वर आला की ऱ्हस्व होतो.

खालच्या चार क्रिया पाठच कराव्या लागतात, आणि नेमक्या याच सर्वांत जास्त विचारल्या जातात. 'देना' आणि 'लेना' यांची 'तुम'ची रूपं आखडून 'दो' आणि 'लो' होतात. चौघांनाही 'आप'साठी 'जिए' लागतं. त्यात पहिलं अक्षर दीर्घ आणि 'जि' ऱ्हस्व: कीजिए, दीजिए, लीजिए, पीजिए. आपल्याकडच्या दुकानांच्या पाट्यांवर 'किजीए' आणि 'दिजीये' इतक्या वेळा दिसतं की डोळ्याला तेच बरोबर वाटू लागतं. मराठी लिहिणाऱ्या हाताला शेवटून दुसरं अक्षर दीर्घ काढायची सवय असते, ती इथे आड येते. 'बैठीए' हीसुद्धा त्याच सवयीची चूक.

'इए' की 'इये'? जुन्या पुस्तकांत 'बैठिये', 'कीजिये' सर्रास सापडेल. केंद्रीय हिंदी निदेशालयाच्या मानक वर्तनीनुसार मात्र स्वर लिहायचा, म्हणून 'बैठिए'. 'करिए' कानावर खूप पडतं आणि उत्तरेतही लोक बोलतात, पण उत्तरपत्रिकेत 'कीजिए'च लिहा. आणि 'चाहिए'च्या शेवटी 'इए' आहे म्हणून त्याला आज्ञार्थ समजू नका. 'मुझे पानी चाहिए'मध्ये कुणी कुणाला काही करायला सांगत नाही.

मराठीची आणखी एक गंमत. आपला आदराचा 'करा' हिंदीत गेला की भलताच होतो. 'कराना' म्हणजे करवून घेणे, आणि त्याचं 'तू'चं रूप 'करा'. म्हणजे एखाद्या साहेबांना 'यह काम करा' म्हटलंत, तर 'हे काम करवून घे' असं त्यांना अरेतुरे करत सांगितल्यासारखं होतं.

वाक्यातल्या खुणा

रिकामी जागा दिसली की लगेच रूप लिहू नका. आधी वाक्य दोन्ही बाजूंनी चाचपा. माझा क्रम ठरलेला आहे.

पहिल्यांदा सर्वनाम शोधायचं. 'आप', 'तुम' किंवा 'तू' वाक्यात दिसत असेल तर प्रश्न तिथेच सुटला. पण ते बरेचदा वेष बदलून येतं: तेरा, तुझे म्हणजे 'तू'; तुम्हारा, तुम्हें म्हणजे 'तुम'; आपका, आपको म्हणजे 'आप'. 'अपना' मात्र तिघांनाही चालतो, त्यामुळे त्याच्यावरून काही ठरवू नका. "अपना नाम ____ (बताना)" एवढंच वाक्य असेल, तर 'अपना' पाहून 'आप' समजणारी मुलं मी दर वर्षी बघते. आपल्या 'आपला' आणि 'आपण' या शब्दांमुळे तो गोंधळ होतो.

सर्वनाम नसेल तर हाक बघा. नावामागे 'जी' किंवा 'साहब' असेल, 'महोदय' असेल, तर 'आप'. नुसतं नाव, 'बेटा', 'बच्चो' असेल तर बहुधा 'तुम'. 'अबे', 'ओए' असेल तर 'तू'. 'हे ईश्वर' म्हटलं की 'तू' अपेक्षित असतं, जसं आपण विठोबाला म्हणतो, पण "हे ईश्वर, दया करो" असंही सर्रास म्हणतात. अशा वेळी वाक्यात 'तेरा' किंवा 'तुम्हारा' दडलाय का ते पाहूनच ठरवायचं.

'कृपया' ही खूण तशी पक्की. 'कृपया'सोबत 'तू'चं रूप कधी जमत नाही, आणि 'कृपया बैठो'ही कानाला खटकतं. 'ज़रा'चा मात्र भरवसा नाही, तो तिन्हींबरोबर फिरतो: ज़रा सुन, ज़रा सुनो, ज़रा सुनिए.

शेवटी त्याच वाक्यातलं दुसरं क्रियापद बघा. "बैठो, चाय ____ (पीना)" यात 'बैठो' आलंय, म्हणजे 'पियो'च येणार. एका वाक्यात, एकाच माणसाशी बोलताना पायऱ्या बदलत नाहीत. मुंबईत आणि दिल्लीतही "आप बैठो", "आप बताओ" असं खूप ऐकू येतं. बोलताना कुणाचं अडत नाही, मीही बोलते. परीक्षेत मात्र 'आप'च्या पुढे 'ओ' आला की गुण गेला.

दोन क्रिया जोडून आल्या असतील तर बदल फक्त शेवटच्या क्रियेत होतो. "डॉक्टर साहब, ज़रा यह रिपोर्ट देख ____ (लेना)" याचं उत्तर 'लीजिए'. आधीचा 'देख' तसाच राहतो. 'देखिए लीजिए' असलं काही हिंदीत होत नाही.

आत्ता करायचं की नंतर?

इथवर आलेली सगळी रूपं लगेच करायच्या कामाची आहेत. हिंदी व्याकरणात त्याला प्रत्यक्ष विधि म्हणतात. काम पुढे कधीतरी, ऐकणारा समोर नसताना करायचं असेल तर परोक्ष विधि. (हिंदीतला 'विधि' म्हणजे आपला आज्ञार्थ. आपला विध्यर्थ, म्हणजे 'करावे', वेगळा. त्याच्याकडे पुढे येते.)

परोक्ष विधीचं रूप सोपं आहे. 'तुम' आणि 'तू' यांना क्रियेचं मूळ 'ना'कारान्त रूप जसंच्या तसं चालतं, आणि 'आप'ला 'इए'पुढे 'गा' लागतो. "तुम नागपुर पहुँचकर मुझे फ़ोन ____ (करना)" या वाक्यात कोष्ठकात 'करना' दिलंय आणि उत्तरही 'करना'च आहे. मुलांचा विश्वास बसत नाही. कोष्ठकातलं जसंच्या तसं कसं लिहायचं, म्हणून ती 'करो' करतात. पण 'पहुँचकर' म्हणजे काम नंतरचं. आत्ता फोन हातात घ्यायला कुणी सांगत नाहीये.

'आप' असेल तर: "आप अगले रविवार हमारे यहाँ ज़रूर ____ (आना)", उत्तर 'आइएगा'. मराठीत आपण जिथे शेवटी 'हं' लावतो, 'रविवारी नक्की या हं', तिथे हिंदीत हा 'गा' येतो असं धरलंत तर फारसं चुकणार नाही. 'आइए' लिहिलं तर व्याकरण मोडत नाही, आणि उदार परीक्षक गुण देतीलही. पण कल, अगली बार, बाद में, पहुँचकर असा शब्द दिसला की आधी या रूपांचा विचार करा.

नकार

'नको' आणि 'नका' या दोन्हींसाठी हिंदीत 'मत' आहे. तो बदलत नाही, बदलतं ते क्रियापद: मत जा, मत जाओ, मत जाइए. मराठीत आपण क्रियापदात 'ऊ' घालून नकार मागे ठेवतो, 'जाऊ नका'. हिंदीत नकार सहसा पुढे येतो. 'जाओ मत' हेही बरोबर आहे, पण त्यात आग्रह किंवा विनवणी उतरते. 'आप'सोबत 'मत' चालतो, तरी 'न' जास्त सौम्य वाटतो: "आप चिंता न कीजिए." 'नहीं' मात्र आज्ञार्थाच्या रिकाम्या जागेत टाळलेलाच बरा.

पाट्या आणि घोषणा

रेल्वे स्टेशनवर "यात्रीगण कृपया ध्यान दें" ऐकताना तुम्ही कधी विचार केलाय का, की हे 'दीजिए' का नाही? हे रूप धातूला 'एँ' लावून होतं: बैठें, करें, आएँ, 'देना'चं दें, 'लेना'चं लें. समोर एक माणूस नसून सगळेच असतात, तेव्हा पाटीवर, फॉर्मवर, घोषणेत हेच येतं. आपला विध्यर्थ इथे बरोबर बसतो. 'रांगेत यावे' म्हणजे "पंक्ति में आएँ", 'आत येऊ नये' म्हणजे "प्रवेश न करें". वाक्य सूचनेसारखं असेल आणि कुणाला हाक मारलेली नसेल, तर 'इए'ऐवजी हे रूप लिहा. माणसाला उद्देशून "आप यहाँ बैठें" म्हणणंही चुकीचं नाही. 'बैठिए'पेक्षा त्यात सांगण्याचा जोर थोडा कमी असतो.

एक उतारा सोडवून पाहू

हा उतारा मी वर्गासाठी केला आहे. बोलणारे थोडे, पण ऐकणारे बदलत जातात. सुट्या वाक्यांपेक्षा अशा ठिकाणी मुलं जास्त चुकतात.

> दरवाज़े पर वर्मा जी खड़े थे। पिताजी बोले, "अरे वर्मा जी, अंदर (1) ____ (आना), यहाँ पंखे के नीचे (2) ____ (बैठना)।" फिर उन्होंने भीतर आवाज़ दी, "सुमन, दो कप चाय बना (3) ____ (देना), और तुम भी यहीं आ (4) ____ (जाना)।" इतने में छोटा गोलू मिठाई की ओर लपका। दादी हँसकर बोलीं, "गोलू, तेरे हाथ गंदे हैं, पहले इन्हें (5) ____ (धोना)।" चलते समय पिताजी ने वर्मा जी से कहा, "अगली बार भाभी जी को भी साथ (6) ____ (लाना)।"

पहिल्या दोन जागांत सर्वनाम नाही, पण नावामागे 'जी' आहे आणि पाहुणा दारात आहे. म्हणून आइए आणि बैठिए.

तिसऱ्या जागेवर थांबा. 'सुमन' ही नुसती हाक. ती मुलगी आहे की बायको ते कळत नाही, आणि कळायची गरजही नाही, कारण त्याच वाक्यात पुढे 'तुम भी' आहे. म्हणजे 'तुम'. 'बना देना' ही जोडक्रिया, म्हणून शेवटचीच बदलायची: बना दो. इथे काही मुलं 'देओ' लिहितात. 'देना'चं रूप आखडतं हे विसरलेली असतात. काही जण 'देना' तसंच ठेवतात, पण चहा आत्ता हवा आहे, पाहुणा बसलेला आहे. चौथ्या जागेत त्याच न्यायाने 'जाओ'.

पाचवी जागा माझी आवडती. आजी आणि नातू, तिथे हिंदीत 'तुम' चाललं असतं, 'आप'ही चाललं असतं. माझ्या लखनऊच्या आजीबाईंनी तेच केलं होतं. पण इथे 'तेरे हाथ' आलंय, म्हणजे या घरात आजी गोलूला 'तू' म्हणते. उत्तर नुसतं 'धो'. अर्धा वर्ग 'धोओ' लिहितो, आणि ज्यांना लाडाचं नातं तेवढं दिसलेलं असतं त्यातले काही 'धोइए'. नात्यावरून अंदाज बांधायचा तो खूण नसेल तेव्हाच. खूण असेल तर तीच खरी.

सहाव्या जागेत माणूस पुन्हा वर्माजी, म्हणजे 'आप'. पण सुरुवातीला 'अगली बार' आहे. म्हणून 'लाइए' नको, 'लाइएगा'.

उत्तरं लिहून झाली की मी मुलांना एक काम देते. प्रत्येक रिकाम्या जागेसमोर पेन्सिलीने आप, तुम, तू यांपैकी जे धरलं ते लिहायचं, आणि मग एकाच माणसाशी बोललेल्या सगळ्या जागा बोटाने जुळवून बघायच्या. वर्माजींच्या तीनही जागांसमोर 'आप' आलं पाहिजे, सुमनच्या दोन्हींसमोर 'तुम'. गेल्या आठवड्यात एका मुलीने वर्माजींना दारात 'आइए' म्हटलं होतं, पंख्याखाली 'बैठो' आणि जाताना 'लाना'. तिच्या वहीत बिचाऱ्या वर्माजींचा मान दारापुरताच टिकला होता. पेन्सिलीने लिहायला लावल्यावर दोन्ही चुका तिच्या तिलाच सापडल्या.